मदत हवी आहे: नाकाच्या पडद्याच्या ऑपरेशनची संमती घेताना धोके कसे सांगता?

नमस्कार. तालुक्याच्या गावी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो. वाकड्या पडद्याच्या ऑपरेशनआधी मी सांगतो, चोंदलेल्या बाजूने श्वास मोकळा होईल, पण ॲलर्जीच्या शिंका थांबणार नाहीत. आधी स्टिरॉइडचा स्प्रे मारून बघता येईल, किंवा त्रास सोसवत असेल तर काहीच न करणंही चालेल. रक्त येणं, जंतुसंसर्ग लोकांना कळतो. गाडी अडते ती पडद्याला भोक पडण्यापाशी. "क्वचित आरपार भोक राहतं, खपल्या धरतात, श्वास घेताना शिट्टी वाजते" म्हटल्यावर एक काका उठून उभेच राहिले! वरचे पुढचे दात काही आठवडे बधिर वाटू शकतात, हे तर कुणाला पटतच नाही. न घाबरवता, न लपवता तुम्ही हे कसं सांगता?