मदत हवी आहे: मूल्यमापनाच्या आलेखाच्या चित्रावरून डाव नेमका कोणत्या चालीला फिरला हे कसे शोधावे?

पटावरचा_प्रवासी:
नमस्कार. मी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळून हरलेल्या एका डावाचे विश्लेषण सहकाऱ्याने लिचेसवर केले आणि मला आलेखाचा फक्त स्क्रीनशॉट पाठवला. डाव ४१ चालींचा असून शेवटची चाल काळ्याची होती. आलेखाखाली चालींचे आकडे दिसत नाहीत, म्हणून मी चित्राची रुंदी मोजली. ती ९८४ पिक्सेल भरली. दोघांच्या मिळून ८२ अर्धचाली, म्हणजे प्रत्येकीला १२ पिक्सेल. सर्वांत उभा उतार डावीकडून २४३ पिक्सेलवर संपतो. भागाकार केला की साधारण २० येतात, म्हणजे काळ्याची दहावी चाल. पण घसरण तर माझी झाली आहे! शिवाय शेवटी रेषा पार तळाला टेकते, तिथला बदल याहून मोठा मानावा का, हाही प्रश्न आहे.

उंटाचा_कर्ण:
चित्र मोजत बसण्यापेक्षा चाली पुन्हा इंजिनला द्याव्यात. ते जमत नसेल तर सर्वांत खोल दरी पाहावी. उणे ६ वरून उणे ९ झाले असतील, तर तीन प्याद्यांचा फरक पडला आणि डाव तिथेच फिरला.

पटावरचा_प्रवासी:
तिसाव्या चालीनंतर वेळ संपत आला होता आणि तिथले माझे अक्षर मलाच लागत नाही. म्हणूनच हा खटाटोप.

जुना_पंच:
इंजिनला चाली देण्याचा सल्ला योग्यच आहे, निदान पहिल्या तीस चालींपुरता. दरीचा सल्ला मात्र फसवा आहे. दरीची खोली म्हणजे त्या क्षणीची स्थिती. आपल्याला हवा आहे तो लगतच्या दोन बिंदूंमधला फरक. शिवाय लिचेसचा आलेख प्याद्यांच्या मापात काढलेला नसतो, त्याची उंची जिंकण्याच्या शक्यतेनुसार ठरते. ती या सूत्राने काढतात (cp म्हणजे प्याद्याचा शंभरावा भाग):

```
Win% = 100 / (1 + exp(-0.00368208 * cp))
```

यात उणे ६ म्हणजे पांढऱ्याला सुमारे १० टक्के आणि उणे ९ म्हणजे साडेतीन टक्के. तीन प्याद्यांचा फरक पडूनही शक्यता जेमतेम साडेसहा टक्क्यांनी घटली. उलट बरोबरीच्या स्थितीतून उणे दीडवर आलात, तर ती ५० वरून सुमारे साडेछत्तिसांवर येते. म्हणून आकडे न शोधता चित्रातली उभी उंचीच मोजावी. तळाला टेकलेला भाग मनावर घेऊ नये, डाव त्याआधीच गेलेला असतो.

आता तुमची दहावी चाल. तुम्ही पहिला बिंदू सुरुवातीच्या मांडणीचा धरला आहे. तो पहिल्या चालीनंतरचा असेल, तर ८२ बिंदूंमध्ये ८१ अंतरे येतात आणि प्रत्येक अंतर १२.१५ पिक्सेलचे होते. २४३ भागिले १२.१५ म्हणजे २०. त्यात पहिला बिंदू मिळवा, की २१ होतात, म्हणजे पांढऱ्याची अकरावी चाल. ताळा करायला सोपी खूण आहे: इंजिनचे मूल्यमापन समोरच्याचे सर्वोत्तम उत्तर धरूनच केलेले असते, त्यामुळे आपल्या चालीने आपली बाजू सहसा सुधारत नाही, फार तर टिकते. रेषा खाली आली तर चूक पांढऱ्याची, वर गेली तर काळ्याची.

सुटलेले_प्यादे:
माझ्या मुलाच्या डावात अचूकता ९१ टक्के दाखवली, तरी तो हरला. आलेखात काही दोष असेल का?

जुना_पंच:
तो प्रश्न निराळा आहे. अचूकता ही साऱ्या डावाची सरासरी असते, आणि चाळीस चांगल्या चालींत एक घोडचूक सहज लपते.

आलेखातही असे लपते. सोची येथे २०१४ च्या जगज्जेतेपद लढतीतील सहाव्या डावात कार्लसनने २६व्या चालीला राजा डी२ वर नेला. आनंदला घोड्याने ई५ वरचे प्यादे मारून दोन प्यादी कमावता आली असती, पण त्याने ए-प्यादे पुढे सरकवले. लागोपाठ दोन मोठे हेलकावे, आणि रेषेत केवळ एक सुई: खाली जाऊन लगेच वर. चित्र लहान करून पाठवले असेल, तर अशी सुई रेषेच्या जाडीतच नाहीशी होते.

पटावरचा_प्रवासी:
कागदावर पाहिले. अकराव्या चालीला मी उंट देऊन एच६ वरचे प्यादे मारले होते, आणि काळ्याने शांतपणे तो उंट घेतला. म्हणजे हिशेब जुळतो. आलेखाची उंची १५० पिक्सेल आहे आणि तिथली घसरण ४१ पिक्सेलची, म्हणजे सुमारे २७ टक्के. मात्र ६०व्या अर्धचालीच्या आसपासचा दुसरा मोठा उतार तिरका आहे, तो दोन-तीन बिंदूंवर पसरलेला दिसतो.

उंटाचा_कर्ण:
दरीबाबत माझे चुकले. पण तिरक्या उताराचे काय? लागोपाठ दोनदा तुमचीच घसरण कशी होईल, मध्ये काळ्याची चाल असतेच ना?

जुना_पंच:
मध्ये काळ्याने बरोबर उत्तर दिले, तर तेवढा तुकडा आडवा दिसायला हवा. तोही उतरता असेल, तर इंजिनने कमी खोलीवर विश्लेषण केले असावे आणि काळ्याचे उत्तर पटावर आल्यावरच त्याला धोका उमगला असावा. चित्र पुसट झाले असेल, तरीही असेच दिसते. या दोहोंपैकी काय घडले, हे स्क्रीनशॉटवरून सांगता येणार नाही. सहकाऱ्याकडून दुवा मिळतो का ते पाहा.