मदत हवी आहे: अनुच्छेद ३० वरचं दुसरं विधान बरोबर की चूक?

सराव चाचणीतला प्रश्न आहे, योग्य विधाने निवडा.

१) भाषिक अल्पसंख्याक कोण, हे राज्यनिहाय ठरते.
२) अनुदानित अल्पसंख्याक शाळेत शिक्षक निवडण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापनाचाच, राज्याने आयोगामार्फत निवड केल्यास अनुच्छेद ३०(१) चा भंग होतो.

पहिल्यात शंका नाही. टी. एम. ए. पै (२००२) निकालात राज्य हाच घटक धरला आहे, म्हणून बेळगावात मराठी संस्था भाषिक अल्पसंख्याक ठरू शकते. घोळ दुसऱ्यात आहे. उत्तरतालिका ते बरोबर म्हणते, आणि पाठ्यपुस्तकही शिक्षक निवडणं हा प्रशासनाच्या अधिकाराचा गाभा मानतं. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालचा मदरसा सेवा आयोग कायदा वैध ठरवला, आणि तिथे अनुदानित मदरशांसाठी शिक्षकांची निवड आयोगच करतो. मी तो निकाल वाचलाय. दर्जा राखणं आणि अल्पसंख्याकांचे हक्क यांचा समतोल साधण्यावर त्यात भर आहे.

विनाअनुदानित संस्थांचं विचारत नाहीये, तिथे राज्याचा हात आखडता असतो हे माहीत आहे. पात्रतेच्या अटी राज्य घालू शकतं, हेही मान्य. तालिकेवर हरकत नोंदवायची आहे, म्हणून एवढंच सांगा: २०२० चा निकाल केवळ त्या कायद्यातल्या मदरशांपुरता मानायचा, की त्याच्या आधारे दुसरं विधान सरसकट चूक ठरतं?