मदत हवी आहे: आजीच्या माहेरचा सागवानी पेटारा नेमका किती जुना असावा?

आगळ

राजापूरजवळच्या आमच्या घरातून एक सागवानी पेटारा नुकताच पुण्यास आणला आहे. लांबी अडतीस इंच, रुंदी अठरा, उंची सतरा. चारही कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या, पुढे कडी-कोयंडा, आत डाव्या हाताला दागिन्यांसाठी छोटा कप्पा. पणजीच्या लग्नात, म्हणजे साधारण १९०९ साली, तो रुखवताबरोबर आला असे आजी सांगत असे. मात्र थोरल्या काकांच्या मते तो पणजीच्याही आजीचा, थेट पेशवाईतला आहे. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने पाच मिनिटांत "बिजागऱ्या नव्या आहेत, म्हणजे पेटाराही जुळवलेला आहे" असे सांगून किंमत निम्म्यावर आणली. मला तो विकायचा नाही, भाचीला द्यायचा आहे. परंतु देताना खोटी कथा द्यायची नाही.

मी पाहिले ते असे. तळाच्या फळ्यांचे खिळे चौकोनी आहेत आणि त्यांच्या माथ्यांवर हातोडीचे कोन दिसतात. मागच्या दोन पितळी बिजागऱ्या स्क्रूंनी बसवलेल्या आहेत. आतून मराठी वर्तमानपत्र चिकटवलेले आहे आणि जिथे ते फाटले आहे तिथे खाली तांबडा खारवा दिसतो. यावरून वय कसे ठरवावे?

जुनाबाजार

चौकोनी खिळे हाच पुरावा पुरेसा आहे. यंत्राचे खिळे आल्यावर लोहाराकडून खिळे घडवून कोण घेईल? तुमचा पेटारा १८५० पूर्वीचा आहे, काकांचे म्हणणे खरे असावे. व्यापारी नेहमीच किंमत पाडतात, त्याकडे लक्ष देऊ नये.

माजघर

पितळ काळे पडले असेल तर चिंच आणि मीठ लावून नारळाच्या शेंडीने घासावे, लखलखीत होते. आमच्या समया मी दर दिवाळीला अशाच उजळवते. सागवानाला मात्र पाणी लागू देऊ नये.

रंधा

सर्वप्रथम विनंती अशी की, वय ठरेपर्यंत पितळ घासू नये. पट्टीची कड आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत बसलेला काळा मळ हाही एक पुरावा असतो, आणि आंबटाने तो तासाभरात निघून जातो.

आता खिळ्यांविषयी. जुनाबाजार यांचे निरीक्षण योग्य आहे, निष्कर्ष मात्र उलटा लागला आहे. घडीव खिळा चारही बाजूंनी टोकाकडे निमुळता होत जातो, आणि तळाचे खिळे तसे असतील तर ते लोहाराचेच. परंतु कोकणातल्या गावांतले लोहार विसाव्या शतकातही खिळे घडवीत होते, कारण भाता घरचा, लोखंड भंगारातले, आणि पैशांऐवजी भात घेऊन काम होत असे. त्यामुळे घडीव खिळा पेटारा जुना असल्याचे सिद्ध करत नाही, तो फक्त जुना असण्यास हरकत नाही एवढेच सांगतो. तारेपासून यंत्रावर केलेला गोल खिळा मात्र अधिक बोलका असतो. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे सर्रास मिळू लागला, आणि ज्या जोडावर तो मूळचाच असेल तो जोड त्याआधीचा सहसा नसतो. जुने खिळे काढून नव्या कामात ठोकणारेही असतात, म्हणून खिळ्याबरोबर त्याचे भोक पाहावे. एकाच खिळ्याशेजारी दुसरे रिकामे भोक असेल, तर त्या फळीचे काही पूर्वायुष्य आहे असे समजावे.

बिजागऱ्यांविषयी व्यापाऱ्याचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. बिजागरी हा पेटीचा सर्वांत आधी झिजणारा भाग. रोज उघडणाऱ्या झाकणाची बिजागरी शंभर वर्षांत एकदाही बदलली नसेल तर मला आश्चर्य वाटेल. नवी बिजागरी म्हणजे नवी पेटी नव्हे. पाहायचे ते एवढेच की, या बिजागऱ्यांच्या आधी तिथे काय होते.

झाकण उघडून, विजेरी फळीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका आणि मागच्या फळीची आतली बाजू, बिजागऱ्यांच्या आसपास, नीट पाहून लिहा. कागद काढू नका. आतल्या कप्प्याचे खिळेही पाहा.

बडोद्याची_सून

आमच्याकडे सासऱ्यांच्या शेजाऱ्यांनी दिलेला भावनगरकडचा पटारा आहे, खाली लाकडी चाके असलेला, समोरून पितळी पत्र्याने मढवलेला. त्याच्या चाकांवरून वय ठरते का? चाके मागून बसवली असे कुणी म्हणाले.

रंधा

चाकांवरून नाही. सौराष्ट्रातले पटारे जड असत आणि हलवता यावेत म्हणून चाकांवरच घडवले जात. अर्थात चाके झिजली की बदलत. आस ज्या खाचेत फिरतो ती खाच तळाच्या मूळ लाकडात कोरलेली आहे की वेगळ्या ठोकलेल्या तुकड्यात, ते पाहा. पितळी पत्रा कुठे उचकटला असेल तर खालचे लाकूड स्वच्छ, फिकट आहे की बाहेरच्यासारखेच काळवंडलेले, हेही पाहा. काळवंडलेले असेल तर पत्रा नंतर चढला. बाकी त्यासाठी स्वतंत्र धागा काढलात तर बरे, इथे दोन पेट्यांची सरमिसळ होईल.

आगळ

काल रात्री तासभर पेटाऱ्यात डोके घालून बसले होते, ते सविस्तर लिहिते.

मागच्या फळीवर आतून, प्रत्येक बिजागरीच्या साधारण मध्यावर, कागदावर तपकिरी डाग आहेत. डागाचा आकार चमत्कारिक आहे, कावळ्याच्या पायाची दोनच बोटे पसरावीत तसा. तिथे बोट फिरवले की कागदाखाली काहीतरी किंचित उंच लागते. त्याखेरीज प्रत्येक बिजागरीमागे स्क्रूंची तीन टोके आत आली आहेत, आणि ती कागद फोडून आली आहेत. कागदाच्या फाटलेल्या कडा आतल्या बाजूला उभ्या राहिल्या आहेत. स्क्रूंची टोके अणकुचीदार आहेत.

कप्प्याचे खिळे गोल आहेत, चारही.

वर्तमानपत्राचा वरचा कोपरा झाकणाच्या आत सापडला. नाव आणि शक फाटून गेले आहेत, पण "फाल्गुन शु" आणि "परिधावी नाम संवत्सरे" एवढे स्पष्ट वाचता येते. खालच्या स्तंभात एका औषधी तेलाची जाहिरात आहे, बाटलीस आठ आणे.

पंचांगवाले

संवत्सराचे नाव मिळाले हे उत्तम झाले. आपल्याकडच्या पंचांगात साठ वर्षांनी तेच नाव परत येते. परिधावी हे शके १७७४, १८३४ आणि १८९४ या वर्षांचे नाव, म्हणजे १८५२-५३, १९१२-१३ किंवा १९७२-७३. आणे १९५७ साली दशमान नाणी आल्यावर व्यवहारातून गेले, म्हणून शेवटचे वर्ष बाद. राहिली दोन. मजकुरात कुठे राज्यकर्त्याचा, आगगाडीचा, एखाद्या यंत्राचा उल्लेख आहे का?

जुनाबाजार

१८५२ असेल तर माझेच म्हणणे खरे ठरते, एवढे नोंदवून ठेवतो.

आगळ

कप्प्याच्या मागे, उलट्या चिकटवलेल्या तुकड्यावर "बादशहा पंचम जॉर्ज यांच्या" इथपर्यंत वाचता येते, पुढे फाटले आहे. कागद आणि अक्षराचा ठसा झाकणावरच्या तुकड्यासारखाच वाटतो.

पंचांगवाले

मग प्रश्न मिटला. पंचम जॉर्ज १९१० ते १९३६ गादीवर होते आणि त्या काळात परिधावी एकदाच आले. फाल्गुन शुद्ध म्हणजे अंक मार्च १९१३ चा.

रंधा

दोन्ही तुकडे एकाच अंकाचे आहेत हे गृहीत धरून पुढे जातो. शिवाय रद्दी घरात चार-पाच वर्षे पडून राहते, म्हणून कागद मार्च १९१३ नंतर केव्हातरी लागला, इतकेच नक्की म्हणता येईल.

आता सगळे एका क्रमाने लावू, कारण खिळा, बिजागरी आणि अस्तर यांचे वय वेगवेगळे काढण्यापेक्षा कुणाच्या आधी कोण आले हे पाहणे अधिक भरवशाचे असते. तो दोन बोटांचा डाग म्हणजे जुन्या लोखंडी कडीची टोके आहेत. पूर्वी एकात एक अडकवलेल्या दोन कड्या हीच बिजागरी असे. एकीची टोके झाकणातून आणि दुसरीची मागच्या फळीतून आरपार काढून, आतल्या बाजूला फाकवून ठोकून टाकीत. तुमच्या फळीत ती टोके अजून रुतलेली आहेत, बाहेरची कडी तेवढी कापली गेली असावी. बिजागरी उचलली तर खाली तिचे बुंधे सापडतील. कागद ओल्या खळीने चिकटवला तेव्हा लोखंड गंजून डाग वर आला. म्हणजे १९१३ नंतर कागद लावताना कड्या होत्या. स्क्रूंनी मात्र तोच कागद फोडला आहे, म्हणून पितळी बिजागऱ्या कागदानंतरच्या. व्यापाऱ्याला दिसलेले नवेपण खरे आहे, पण ते दुरुस्तीचे आहे.

यातून पणजीच्या लग्नाची कथा बिनधास्त टिकते. कागद लागला तेव्हा खारवा फाटलेला किंवा मळलेला होता, म्हणूनच तो झाकावा लागला असणार. म्हणजे पेटारा तोवर काही वर्षे वापरात होता. १९०९ त्यात सहज बसते. पेशवाईच्या बाजूने मात्र मला इथे काहीही दिसत नाही. कड्यांची बिजागरी आणि घडीव खिळे १८१० ला जसे शोभतील तसेच १९०० लाही शोभतात.

जुनाबाजार

पण कडीच्या बिजागऱ्या तर फारच जुन्या पद्धतीच्या ना? आणि गोल खिळे कप्प्यातच आहेत, पेटीत नाहीत. कप्पा नंतर घातला असेल.

रंधा

कप्प्याचा मुद्दा रास्त आहे आणि मी त्यावर अडलो आहे. कप्प्याच्या फळ्या पेटीच्या भिंतीत कोरलेल्या खाचेत बसल्या असतील, तर कप्पा मूळचा, आणि मग गोल खिळे संपूर्ण पेटारा एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटाकडे ढकलतात. खाच नसेल आणि फळ्या नुसत्या टेकवून खिळवल्या असतील, तर कप्पा मागाहूनचा असू शकतो आणि पेटाऱ्याचे वय मागे मोकळे राहते. खारवा कप्प्याच्या फळीमागून सलग जातो की फळीपाशी कापून थांबतो, यावरूनही ते कळेल.

आगळ

खाच आहे, पण ती उजवीकडे फळीपेक्षा दोन सूत रुंद आहे आणि त्यात लाकडाची पाचर ठोकली आहे. खारवा डावीकडे फळीमागून सलग जाताना दिसतो. उजवीकडे कागद शाबूत असल्याने कळत नाही, आणि तो मी फाडणार नाही.

रंधा

मग खाच मूळची आणि फळी बदललेली, असा माझा अंदाज आहे. जुनी फळी जाड होती, नवी पातळ मिळाली, म्हणून पाचर. तसे असेल तर गोल खिळे दुरुस्तीचे ठरतात. छातीठोकपणे सांगत नाही. जिथे खारवा उघडा आहे तिथे त्याची एखादी शिवण दिसते का? टाके हाताचे की यंत्राचे, ते भिंगातून पाहा. यंत्राचे असतील तर पेशवाईचा विषय तरी संपेल.

आगळ

एका कोपऱ्यात बोटभर शिवण आहे. टाके बऱ्यापैकी एकसारखे वाटतात, पण दोन ठिकाणी तिरपे गेले आहेत, आणि मागची बाजू लाकडाला चिकटलेली आहे. छायाचित्र उद्या दिवसाच्या उजेडात काढून टाकते. काकांना अजून काही सांगितलेले नाही.