मदत हवी आहे: शेंगा चटणीच्या कार्डावर इमोजी ठेवायचेत, पण मापात घोळ होतोय

भाकरी_आणि_दही

नमस्कार मंडळी. आईच्या हातची शेंगा चटणी आमच्या सोलापूरच्या घरात कधी संपू दिली जात नाही. तिची कृती एका जुन्या पोस्टकार्डाच्या मागे लिहिलेली आहे. कोपऱ्यावर तेलाचा डाग पडून 'जिरे' हा शब्द आता निम्माच दिसतो. त्यावर एवढंच आहे: शेंगा पाव किलो, लसूण २ गड्डे, तिखट ४ चमचे, जिरे १ चमचा, मीठ दीड चमचा.

आमच्या गल्लीच्या स्वयंपाकाच्या ग्रुपवर निम्म्या बायका तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या आहेत. मराठी फर्डी बोलतात, पण वाचायचं म्हटलं की अडतात. म्हणून मी इमोजीचं कार्ड केलं:

🥜 2️⃣5️⃣0️⃣
🧄🧄
🌶️🌶️🌶️🌶️
🌾🥄
🧂🥄🥄

एकीने लसणाच्या दोनच पाकळ्या घातल्या. दुसरीने चार सुक्या मिरच्या कुटल्या आणि चटणी पांढरट झाली म्हणाली. पुण्याच्या मावसबहिणीची तर इतकी खारट झाली की टाकून द्यावी लागली. आईला फार वाईट वाटलं. तिला वाटतंय तिचंच माप चुकलं. चित्रंही राहावीत आणि माप कुणाचं चुकू नये, असं कार्ड कसं करू?

तोळा_मासा

सगळं ग्रॅममध्ये लिहा आणि इमोजी काढून टाका. चमचा प्रत्येक घरात वेगळा असतो. चमच्यापेक्षा वाटी बरी, एक वाटी म्हणजे दोनशे ग्रॅम, हिशोब सोपा.

उखळातली_चटणी

दादा, ग्रॅमचं बरोबर आहे, वाटीचं नाही. वाटी म्हणजे जागा, वजन नव्हे. त्याच वाटीत दाणे भरा आणि तिखट भरा, काट्यावर दोन वेगळे आकडे येतील. शिवाय दीड चमचा मीठ मोजायला घरोघरी कुठे काटा असतो? दाणे वजनावर, तिखट-मीठ चमच्याने, हेच जमतं. मी वीस वर्षं घरून चटण्या करून विकते, त्यावरून सांगते.

भाकरी_आणि_दही, तुमच्या बहिणीने दाणे घेतले होते की टरफलासकट शेंगा? तिला विचारा आधी. आणि मिठाचा चमचा कोणता होता, तेही.

मिक्सरवाली

माझीही शेंगा चटणी बिघडते हो! मिक्सरला लावली की खाली गोळा होतो आणि वर दाणे तसेच राहतात. काय करू?

उखळातली_चटणी

ताई, तुमचा प्रश्न वेगळा, पण सांगते. भाजलेले दाणे पूर्ण गार होऊ द्या. गरम घातले की तेल लगेच सुटतं आणि पात्याखाली चिकटतं. मग दोन-दोन सेकंद फिरवायचं, थांबायचं, चमच्याने खालचं वर करायचं. उखळात तेल हळूहळू सुटतं, म्हणून चटणी मऊ असूनही दाणा दाताखाली लागतो. मिक्सरमध्ये तसं नेमकं कधीच येत नाही, पण खाण्यासारखी होते.

भाकरी_आणि_दही

काकू, बहिणीला फोन केला. तुम्ही म्हणालात तसंच निघालं! तिने टरफलासकट पाव किलो शेंगा आणल्या आणि घरी फोडल्या. म्हणाली, "चित्रात टरफलासकटच शेंग आहे की." आणि मिठाला पोह्याचा चमचा घेतला, दोन भरून.

उखळातली_चटणी

मग हिशोब बघा. आपण सोलापुरात दाण्यालाच शेंगा म्हणतो, बाहेरच्याला ते कळत नाही. आणि तुमच्या चित्राने तिची समजूत पक्की केली. पाव किलो शेंगा फोडल्या की साधारण पावणेदोनशे ग्रॅम दाणे हाती येतात. पोह्याचा चमचा म्हणजे चहाचे जवळपास दोन, म्हणजे तिने चहाचे चार चमचे मीठ घातलं. आईचं माप अडीचशे ग्रॅमला दीड. दाण्याच्या मानाने जवळजवळ चौपट मीठ पडलं. आईंना सांगा, त्यांचं माप चोख आहे.

गोम अशी की तुम्ही एकाच चित्राला दोन कामं दिलीत: जिन्नस कोणता हेही त्यानेच सांगायचं आणि किती हेही. दोन 🧄 म्हणजे पाकळ्या की गड्डे, ते कसं कळणार? अर्धा चमचा काढता येत नाही म्हणून दीडचे दोन तुम्हीच केलेत. एका ओळीत एकच चित्र ठेवा, ते फक्त ओळखीपुरतं. किती ते आकड्यात, आणि आकड्याला लागून माप.

ऐकून_वाचणारा

माझी एक भर. माझ्या भावाला दिसत नाही, त्याचा फोन मजकूर वाचून दाखवतो. प्रत्येक इमोजीचं नाव उच्चारतो, त्यामुळे चार मिरच्यांची ओळ त्याला चार वेळा ऐकावी लागते आणि मोजत बसावं लागतं. चौकटीतले आकडेही सुटे सुटे वाचले जातात, दोनशे पन्नास असं सलग कळत नाही. साधं 250 लिहा. आणि मिठाचं चित्र २०१८ चं, लसणाचं २०१९ चं आहे. त्याआधीच्या, अपडेट न झालेल्या फोनवर तिथे नुसता चौकोन दिसतो. शेजारी शब्द हवाच.

भाकरी_आणि_दही

हे लक्षातच आलं नव्हतं. पण शब्द लिहिला तर शेजारच्या काकूंना तो वाचता येणार नाही, तिथूनच तर सुरुवात झाली. आणि जिऱ्याला चित्रच नाही! 🌾 बघून एकीने विचारलं, गहू किती भाजायचे?

पूर्व_भागातून

मी तुमच्या त्या शेजारणींपैकीच समजा, घरी तेलुगू. आकडे आम्हाला 1, 2, 3 असे लिहिलेले लगेच कळतात. जिऱ्याला ओढूनताणून चित्र लावू नका, आमच्यात ते जीलकर्रा, कन्नडमध्ये जीरिगे. ग्रुपमधल्या कुणाकडून तरी त्या त्या लिपीत एक शब्द लिहून घ्या. आणि चमच्याचा फोटो टाका, आईंच्या हातातला तोच चमचा, शेजारी पोह्याचा ठेवून. 🥄 बघून आकार कळत नाही.

तोळा_मासा

वाटीचं माझं चुकलं, मान्य. पण तिखट चार चमचे हेही नक्की माप नाही. ब्याडगीचं चार चमचे आणि लवंगीचं चार चमचे एक होईल का?

उखळातली_चटणी

नाही होणार. आई कोणतं तिखट वापरतात ते लिहावं लागेल. लसणाचंही तसंच, गावठी गड्डा लहान, बाजारातला मोठा. पाकळ्या मोजून लिहा.

भाकरी_आणि_दही

आईला विचारलं. ती ब्याडगी आणि लवंगी मिसळून दळून आणते, किती किती ते म्हणे "गिरणीत डोळ्याने बघून". तेवढं अडलंय. तिच्यासमोर लसूण सोलून मोजला, गावठी २ गड्ड्यांच्या २६ पाकळ्या निघाल्या. नवं कार्ड असं केलंय:

🥜 शेंगदाणे, टरफल काढलेले, कच्चे: 250 ग्रॅम
🧄 लसूण, लहान पाकळ्या: 26
🌶️ लाल तिखट, दळलेलं: 4 चहाचे चमचे
जिरे: 1 चहाचा चमचा
🧂 मीठ: 1½ चहाचा चमचा

खाली दोन्ही चमच्यांचा फोटो. तेलुगू-कन्नड शब्द आज संध्याकाळी लिहून घेतो.

पूर्व_भागातून

मिरचीच्या ओळीत अजून घोळ होईल. चित्र अख्ख्या मिरचीचं आहे आणि 'दळलेलं' हा शब्द आमच्या घरी कुणी वाचणार नाही. त्या ओळीचा आवाज रेकॉर्ड करून टाका, आईंच्याच आवाजात.

मिक्सरवाली

दाणे गार करून केली आज. गोळा झाला नाही! पण मला वाटतं जिऱ्याला 🟤 चालेल, लगेच डोळ्यात भरतं.

ऐकून_वाचणारा

ताई, भावाचा फोन त्याला तपकिरी वर्तुळ म्हणेल.