प्रतिसाद: स्क्रीनशॉट टाकू नका

> ‘दुधात भेसळ नाही’ असं लिहून भेसळीच्या अफवेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट टाकू का?

नको. गिरगावात मामांच्या डेअरीबद्दल अफवा उठली, तेव्हा आम्ही लाल फुली मारून स्क्रीनशॉट टाकला. दोन दिवसांत तोच फोटो, फुली कापून, शेजारच्या सोसायट्यांत फिरला. फार जिव्हारी लागलं.

मग ती पोस्ट काढून नवी लिहिली. ‘भेसळ’ शब्दच घेतला नाही, कारण ‘नाही’ विसरलं जातं आणि तेवढा शब्द डोक्यात राहतो. “दूध पहाटे पाचला येतं. १४ अंकी एफएसएसएआय नंबर गल्ल्यामागे लावलाय. लॅक्टोमीटर काउंटरवर आहे, समोर मोजून घ्या.” खाली तारीख. लॅक्टोमीटर पाण्याचा अंदाजच देतो, म्हणून ‘शंभर टक्के शुद्ध’ असं लिहिलं नाही. ज्यांनी अफवेबद्दल थेट विचारलं, त्यांच्याशी मामा फोनवर बोलले.