घरी सांगून झालं. मग घरमालक, डॉक्टर, ऑफिस यांना पुन्हा पुन्हा कशाला?

गोदाकाठचा
मी गे आहे. आई-बाबांना सांगून झालंय. वर्षभर घरात नीट बोलणं नव्हतं, आता आई फोनवर जोडीदाराचीही चौकशी करते. मला वाटलं, सुटलो. पण नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघायला गेलो तर एजंटचा पहिला प्रश्न 'फॅमिली का बॅचलर?' नवीन डॉक्टर विचारतात 'लग्न झालंय?' नवीन कंपनीत 'वहिनी कुठल्या?' दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. माझं मत असं की घरच्यांना सांगितलं की विषय संपला, बाकीच्यांना सांगायची गरज नाही. पटतंय का? आणि पटत नसेल तर कोणाला सांगावं?

वसंतराव
पूर्ण पटतंय. मी 68 वर्षांचा आहे, कॉलेज रोडला राहतो. माझ्या मजल्यावर कोण कोणाबरोबर राहतं हे मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. भाडं वेळेवर द्यावं, रात्री आवाज करू नये, एवढीच शेजाऱ्याची अपेक्षा असते. आपलं खाजगी आयुष्य चारचौघांत मांडायचं नाही, हा संस्कार सगळ्यांनाच लागू आहे. घरच्यांना सांगितलंत, ते धैर्याचं काम केलंत. आता शांत राहा.

सायली
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही शेजाऱ्यांना 'आमची ही' म्हणता तेव्हा तुम्हीही खाजगी आयुष्यच सांगत असता. फक्त त्याला कोणी सांगणं म्हणत नाही. आम्ही दोघी इंदिरानगरला भाड्याने राहतो. आम्ही कोणाला काही सांगायला जात नाही, लोक विचारतात. वरच्या मजल्यावरच्या काकू येतात, घरात एकच बेडरूम वापरात दिसते, मग 'बहिणी का?' असा प्रश्न येतो. हो म्हणावं तर पुढच्या आठवड्यात आडनावं वेगळी कशी, हे विचारतात. एक खोटं बोललं की ते सोसायटीतल्या प्रत्येकासमोर लक्षात ठेवावं लागतं.

ॲड. निखिल
इतकं घाबरायचं कारण नाही. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. आता घरमालकाने या कारणावरून घर नाकारलं तर तो बेकायदा भेदभाव आहे. सरळ सांगा, नाकारलं तर नोटीस पाठवा.

मृणाल
निखिल, पहिलं वाक्य बरोबर आहे, पुढचं नाही. संबंध गुन्हा राहिला नाही, म्हणून खाजगी घरमालकावर घर देण्याची सक्ती आली असं होत नाही. भेदभाव न करण्याचं घटनेतलं बंधन मुख्यतः सरकारवर आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आहे आणि त्यात भाड्याच्या घराचा उल्लेख आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी 2017 चा कायदा आहे, त्यातही आहे. पण दोन गे पुरुषांना घर नाकारणाऱ्या मालकाला रोखणारा असा स्वतंत्र कायदा नाही. तुमच्या भरवशावर कोणी एजंटसमोर सगळं सांगून बसलं तर नोटीस निघेल, घर मिळणार नाही.

मी गुप्तरोग आणि एचआयव्हीच्या समुपदेशनाचं काम करते, म्हणून मूळ प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. घरमालक आणि डॉक्टर यांना एका रांगेत बसवू नका. डॉक्टरला सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन वैद्यकीय आचारसंहितेने त्याच्यावर घातलेलं आहे. घरमालकावर असं कसलंच बंधन नाही. आणि न सांगण्याची किंमत बघितली तर ती डॉक्टरकडे जास्त पडते.

ओळख पटणार नाही असं एक उदाहरण देते. एक तरुण ताप, घसा आणि अंगावरचं पुरळ घेऊन जवळच्या दवाखान्यात गेला. पुरळ तळहातांवर आणि तळपायांवरही होतं. डॉक्टरांनी विचारलं, लग्न झालंय? तो नाही म्हणाला. बाहेर बाकावर त्याच्याच कॉलनीतले लोक बसलेले आणि मध्ये नुसता पडदा. 'लग्न नाही' म्हणजे शरीरसंबंध नाही, असं डॉक्टरांनी धरलं. ॲलर्जीच्या गोळ्या आणि मलम दिलं. काही आठवड्यांत पुरळ गेलं. औषध लागू पडलं, असं दोघांनाही वाटलं. पण ते सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्याचं पुरळ होतं, आणि ते उपचार न करताही मावळतं. रोग आतच राहतो. दीड वर्षाने दुसऱ्याच कारणाने रक्त तपासलं तेव्हा सिफिलिसची व्हीडीआरएल तपासणी पॉझिटिव्ह आली. सुरुवातीला बेंझाथिन पेनिसिलिनच्या 24 लाख युनिटच्या एका डोसात भागलं असतं. आता तोच डोस दर आठवड्याला एक असे तीन आठवडे घ्यावा लागला. जोडीदाराचीही तपासणी करावी लागली, कारण मधल्या काळात त्यालाही लागण झालेली असू शकत होती.

त्याने डॉक्टरला 'मी गे आहे' एवढं म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. 'माझे पुरुषाशी संबंध आहेत' हे एक वाक्य पुरे होतं. डॉक्टरला नाव, नातं, प्रेम यातलं काही नको असतं. कोणत्या तपासण्या करायच्या आणि शरीराच्या कोणत्या भागातून नमुना घ्यायचा, हे त्या वाक्यावरून ठरतं. आणि हे वाक्य दर नव्या डॉक्टरकडे पुन्हा म्हणावं लागतं, कारण आपल्याकडे एका दवाखान्याचे कागद दुसऱ्याकडे आपोआप जात नाहीत.

शुभांगी
मलाही हा अनुभव भरपूर आलाय. माझा घटस्फोट झालाय, मुलगी आठवीत आहे. गंगापूर रोडला घर शोधताना दर मालकाने विचारलं, 'मिस्टर कुठे असतात?' एकाने तर माझ्या भावाची हमी मागितली. एकट्या बाईला हे कायमच भोगावं लागतं. म्हणून म्हणते, सरळ सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. लपवलं की लोक जास्त बोलतात.

गोदाकाठचा
ताई, तुम्हाला झालेला त्रास खरा आहे. पण तुम्ही 'घटस्फोट झालाय' म्हणालात तर समोरच्याला वाईट वाटेल, तो नाक मुरडेल, पण तुम्ही काय म्हणताय ते त्याला कळेल. मी 'हा माझा जोडीदार' म्हटलं की आधी धंद्यातला पार्टनर समजतात. मग समजावून सांगावं लागतं, आणि त्यानंतर त्यांचे प्रश्न सुरू होतात.

शुभांगी
घटस्फोटित म्हटल्यावर प्रश्न थांबतात हा तुमचा गैरसमज आहे. कारण विचारतात, चूक कोणाची ते विचारतात, रात्री कोण येतं-जातं यावर नजर ठेवतात. तुलना नको, पण एवढं लक्षात असू द्या.

अंबडकर
मी उलट बाजूने लिहितो. मीही गे आहे, अंबडला कंपनीत आहे, आणि घरी सोडून कोणालाही सांगितलेलं नाही. माझं काही अडलेलं नाही. सांगितल्यावर परत घेता येत नाही. नाशिक पुण्या-मुंबईसारखं नाही. शिफ्टमधला माणूस तुमच्या मामाचा शेजारी निघतो. एकाला सांगणं म्हणजे सगळ्यांना सांगणं.

एकच दिवस जड जातो, रक्तदान शिबिराचा. कॅन्टीनमध्ये टेबल लावतात, सगळं डिपार्टमेंट रांगेत असतं, साहेब सगळ्यांचा फोटो काढतात. 2017 च्या नियमांप्रमाणे पुरुषाशी संबंध असलेल्या पुरुषाचं रक्त घेत नाहीत, कायमचं. तुमचा एकच जोडीदार असो, तपासणी निगेटिव्ह असो, तरीही नाही. मग मी बीपीच्या गोळीचं कारण सांगतो. ते ऐकून एक सहकारी मला दर वर्षी डबा खाताना मीठ कमी कर म्हणतो, आणि त्याच्या त्या काळजीने मला जास्त वाईट वाटतं.

मृणाल
अंबडकर, तुम्ही फॉर्मवर खोटं लिहून रक्त दिलं नाहीत, हे योग्य केलंत. हा नियम माणसाच्या वागणुकीऐवजी सगळ्या गटालाच बाहेर ठेवतो, म्हणून त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. तोवर बीपीऐवजी 'डॉक्टरांनी रक्त द्यायला मनाई केली आहे' असं म्हणा. पुढे कोणी खोदून विचारत नाही आणि मीठही सुटत नाही. पण 'काही अडलं नाही' म्हणता, त्याच्या पुढच्याच परिच्छेदात तुम्ही दर वर्षी अडलेला दिवस लिहिलाय.

सायली
घराचं व्यवहारात कसं करायचं तेवढं सांगते. नोंदणीकृत भाडेकरारात दोघांचीही नावं भाडेकरू म्हणून घाला. त्यात नाव, वय, पत्ता, आधार, पॅन लागतं, एकमेकांशी नातं काय ते लिहावं लागत नाही. अंगठा घ्यायला माणूस घरी येतो, तेव्हा तोही काही विचारत नाही. बरेच जण एकाच्याच नावाने करार करतात आणि दुसऱ्याला 'मित्र आलाय' म्हणून ठेवतात. मग कराराच्या नावाच्या माणसाचं काही बरंवाईट झालं किंवा बदली झाली, तर दुसऱ्याला त्या घरात राहायचा हक्कच उरत नाही. आमच्या ओळखीत हे घडलं. मालकाने सामान बाहेर काढायला दोन दिवस दिले.

आम्ही आमच्या मालकीणबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, वेळेवर भाडं देता, मला काय करायचंय. पण अकरा महिन्यांनी करार संपला तेव्हा व्यवहार त्यांच्या मुलाने हातात घेतला, आणि आम्ही पुन्हा त्याच्यासमोर बसलो. त्याला काय माहीत आहे, काय नाही, हे आम्हाला आजही नक्की कळलेलं नाही.

वसंतराव
दोघांची नावं करारात घालण्याचं पटलं, यात कोणाला काही सांगावंच लागत नाही. पण उद्या एकाला दवाखान्यात भरती केलं तर? तिथे तर नातेवाईक कोण, हे विचारतातच.

मृणाल
विचारतात, काका. शुद्धीवर असलेल्या प्रौढ पेशंटची स्वतःची संमती कायद्याने पुरते, नातेवाईकाची सही ही बहुतेक वेळा दवाखान्याची पद्धत असते. अडचण पेशंट बेशुद्ध असेल तेव्हा येते. जीव वाचवायला डॉक्टर सहीवाचून उपचार सुरू करू शकतात, पण आत काय चाललंय हे बाहेर कोणाला सांगायचं, हा प्रश्न राहतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे 'नवरा' किंवा 'बायको' म्हणता येत नाही. म्हणून ठरलेल्या ऑपरेशनला जाताना पेशंटने आपल्या हाताने लिहून द्यावं, की माझ्या तब्येतीची माहिती अमुक व्यक्तीला द्या आणि तिला भेटू द्या. ते फाइलला लावून घ्यायचं. मानसिक आजारासाठी 2017 च्या कायद्यात प्रतिनिधी नेमायची सोय साध्या कागदावर आहे, आणि तो प्रतिनिधी नातेवाईकच हवा असं नाही. इतर आजारांसाठी इतकी स्पष्ट सोय नाही. काही ठिकाणी कागद मानतात, काही ठिकाणी भाऊ आल्याशिवाय बोलत नाहीत. मग काउंटरवरच्या मुलीला, वॉर्डच्या सिस्टरला, रात्रपाळीच्या डॉक्टरला वेगवेगळं सांगावं लागतं.

अंबडकर
डॉक्टरचं मान्य. पण पडद्यापलीकडे कॉलनी बसलेली असते, हे तुम्हीच लिहिलंत. आचारसंहिता डॉक्टरला आहे, कंपाउंडरचं काय? मी तपासणीला पुण्यालाच जाईन.

मृणाल
एकदा तपासायला पुण्याला जा, हरकत नाही. पण इंजेक्शनं तीन आठवडे घ्यायची असली की दर वेळी शिफ्ट सोडून कसे जाणार? आणि मधला डोस लांबला तर कोर्स पुन्हा सुरू करावा लागू शकतो. जिल्हा रुग्णालयांत गुप्तरोगांसाठीचं सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी आणि औषध फुकट, आणि तिथे हा प्रश्न रोजचाच असल्याने वाक्य कमी बोलावं लागतं. खासगीत जायचं असेल तर 'दार लावून बोलायचंय' एवढं आधी म्हणा. जो डॉक्टर दार लावत नाही, किंवा 'हे औषधाने बरं करतो' म्हणतो, त्याच्याकडून उठून या. असा 'बरं करण्याचा' उपचार हा गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे.

गोदाकाठचा
डॉक्टरला सांगेन. करार दोघांच्या नावे करणार, एजंटला 'दोघं नोकरीवाले' एवढंच सांगणार. ऑफिसमध्ये मात्र अजून ठरत नाही. 'वहिनी कुठल्या' ला 'अजून लग्न नाही' म्हटलं की पुढच्या सोमवारी कोणीतरी स्थळ घेऊन येतं.

अंबडकर
माझ्याकडेही येतात. मी पत्रिका मागून घेतो आणि जुळत नाही म्हणून परत करतो. तुम्हाला दुसरं काही सुचलं तर लिहा.