हळद पावडर दुभती गाय की कुत्रा?

एम.कॉम. सातारा: पोर्टफोलिओ विश्लेषणाच्या प्रश्नात सांगलीची एक काल्पनिक कंपनी दिली आहे. हळद पावडर: कंपनीची विक्री १२ कोटी, जिल्ह्यातल्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धकाची ८ कोटी, बाजाराची वाढ ३ टक्के. तयार मसाले: २ कोटी, समोरच्याची २० कोटी, वाढ १८ टक्के. काकवी: ३ कोटी, समोरच्याची १० कोटी, वाढ १ टक्का, कागदावर ५ लाख तोटा. बाजारातला हिस्सा आणि बाजाराची वाढ बघून धंदे तारा, दुभती गाय, प्रश्नचिन्ह आणि कुत्रा अशा चार घरांत टाकणाऱ्या बीसीजी मॅट्रिक्समध्ये कोण कुठल्या घरात बसवू, आणि त्या मॅट्रिक्सचे दोष कसे लिहू?

बेरीजवजाबाकी: जिल्ह्याचा हळद पावडरचा बाजार ५० कोटींचा धरला तर हिस्सा २४ टक्के. निम्मासुद्धा नाही. वाढही कमी. म्हणजे कुत्रा, सरळ विकून टाका असं लिहा.

कृष्णाकाठ: वाढीचं वाचन बरोबर, हिस्सा मात्र चुकला. इथे टक्केवारी बघायचीच नाही, आपली विक्री भागिले सर्वांत मोठ्या स्पर्धकाची विक्री. १२ भागिले ८, म्हणजे १.५. रेघ १ वर असते; त्याच्यापुढे आपण पहिल्या नंबरवर. वाढीची रेघ सहसा १० टक्क्यांवर. म्हणून हळद दुभती गाय. मसाले ०.१ आणि वाढ जास्त, म्हणून प्रश्नचिन्ह. काकवी ०.३, वाढ नगण्य, म्हणून कुत्रा. तारा, म्हणजे हिस्सा आणि वाढ दोन्ही जास्त असलेला धंदा, या कंपनीकडे नाहीच, तोही मुद्दा लिहा. आकृतीत मोठा हिस्सा डावीकडे येतो. निम्मी पोरं तो उजवीकडे काढतात.

मार्केटयार्ड: मला वाटलं शेअर्सचा पोर्टफोलिओ. माझ्याकडे दोन साखर कंपन्यांचे शेअर आहेत, ते गायीत धरू का?

कृष्णाकाठ: नाही हो, हे एकाच कंपनीच्या धंद्यांबद्दल आहे. पैसा कुठून काढायचा आणि कुठे घालायचा, एवढाच प्रश्न.

हळदगल्ली: घरं बरोबर भरलीत, पण त्या १.५ वर माझा भरवसा नाही. बाजार जिल्ह्याचाच का? तीच पावडर पुण्या-मुंबईच्या दुकानात मोठ्या ब्रँडशेजारी ठेवली आणि त्या ब्रँडची राज्यातली विक्री ६० कोटी धरली, तर १२ भागिले ६० म्हणजे ०.२. पावडर तीच, गिरणी तीच, गायीचा कुत्रा झाला. जे साधन बाजाराची हद्द बदलली की निकाल बदलतं, त्यावर कंपनीचा पैसा कसा लावायचा?

कृष्णाकाठ: हद्द मनाला येईल तशी आखायची नसते. आपण दर वाढवला तर गिऱ्हाईक कुणाकडे जाईल, ते बघायचं. तालुक्याच्या किराणा दुकानात ते शेजारच्या स्थानिक पुडीकडे वळत असेल तर जिल्हा धरा. विक्रीचा मोठा भाग पुण्याचा असेल तर राज्य धरा. उत्तरात दोन्ही आकडे काढून हे कारण लिहिलंत, तर तो दोष नुसता यादीतला राहत नाही.

हळदगल्ली: हे ठीक. पण मुळातच घोटाळा आहे. १९७० मध्ये ब्रूस हेंडरसन यांनी हे मांडलं, तेव्हा आधार अनुभव-वक्राचा होता: जो जास्त बनवतो त्याचा खर्च उतरतो, म्हणून मोठा हिस्सा म्हणजे जास्त पैसा. हळद पावडरीत खर्चाचा मोठा वाटा कच्च्या हळदीचा. सौद्यात पहिल्या नंबरच्या गिरणीलाही जवळपास त्याच भावानं पोतं मिळतं. अनुभवानं वाचणार ते दळणात आणि पॅकिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या थोड्या भागात. वर हंगामात माल भरून ठेवायचा तर रोकड महिनोन्महिने गोदामात अडकते. वाढ ३ टक्के असली तरी गाय त्या काळात दूध देत नाही, उलट चारा मागते.

कृष्णाकाठ: हा मुद्दा मान्य, आणि बहुतेक उत्तरपत्रिकांत तो नसतो. मर्यादांत हाच पहिला घ्या.

बेरीजवजाबाकी: मग काकवी तरी बंद करायची की नाही? तोटा तर दिसतोय.

कृष्णाकाठ: तो तोटा कसा आला ते बघा. समजा काकवीच्या विक्रीतून तिचा स्वतःचा खर्च वजा जाता १५ लाख उरतात, आणि ऑफिस-टेम्पोचे २० लाख तिच्या नावावर टाकलेत. म्हणून ५ लाख तोटा. उद्या काकवी बंद केली तरी टेम्पो हळद घेऊन फिरणारच, २० लाख राहणार. गेले ते १५ लाख, म्हणजे कंपनीचा नफा तेवढा घटला. शिवाय दुकानदार एकाच फेरीत तिन्ही माल घेत असेल तर हळदीची ऑर्डरही हलते. मॅट्रिक्स प्रत्येक धंदा सुटा धरतं, ती दुसरी मर्यादा. टेम्पोची एक फेरी खरंच कमी होणार असेल तर तेवढा खर्च मात्र वजा धरा.

हळदगल्ली: आणि मसाल्यात पैसा घालायचा? ०.१ वरून १ ला पोहोचायचं म्हणजे समोरचा २० कोटींवर थांबला तरी दहापट विक्री. तो तर वाढतोच आहे. माझं मत, सोडून द्यावं.

कृष्णाकाठ: सगळ्या मसाल्यांत नाही. एकाच प्रकारात, समजा कांदा-लसूण मसाल्यात, हिस्सा वेगळा काढून बघा. तिथे तो ०.८ निघाला तर पैसा घालण्यासारखा आहे.

हळदगल्ली: बघा, पुन्हा हद्दच बदललीत.